अकराने गुणायची तोंडी रीत आणि मोबाईलवरची चित्रफीत



आपली पाचवी-सहावीतली पोरं हल्ली मोबाईलवर झटपट गणिताच्या चित्रफिती बघतात. 11 ने गुणायची रीत अशा फितींत नेहमीची, म्हणून तीच घेतो.

पडद्यावर 34 येतात. 3 आणि 4 दोन बाजूंना सरकतात, मध्ये जागा मोकळी होते. 3 अधिक 4 म्हणजे 7 तिथं येऊन बसतो. उत्तर 374. यात जादू काही नाही. 34 ची दहापट 340, तिच्याखाली आणखी एकदा 34 मांडले की दशकाच्या घरात 4 आणि 3 एकाखाली एक येतात. चांगली फीत ही उभी मांडणी आधी दाखवते, मग आकडे सरकवते.

खरी अडचण 78 ला येते. 7 अधिक 8 म्हणजे 15. पोरगं बिनधास्त 7158 लिहून मोकळं होतं. मधल्या घरात एकच अंक मावतो. 5 तिथं ठेवायचा आणि हातचा 1 डावीकडच्या 7 ला द्यायचा. उत्तर 858. चूक ओळखायची खूण सोपी आहे: 78 ची दहापट 780, तेव्हा अकरापट हजाराच्या आतच असणार.

फीत नेमकी इथं थांबते, "आता तुम्ही करा" म्हणते. पण पाच-सात सेकंदांत उत्तर आपोआप येतं, आणि पोरं नुसती वाट बघत बसतात. तेव्हा बोट लावून फीत थांबवा, उत्तर वहीत लिहू द्या, मगच पुढं सोडा.

आणखी एक. आपण "अठ्ठ्याहत्तर" म्हणतो, म्हणजे आठ आधी ऐकू येतो आणि सत्तर नंतर. पडद्यावर मात्र 7 आधी. कानावर विसंबणारं पोरगं 87 लिहितं. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात "सत्तर आठ" असं वाचन आलं, त्यावर केवढा गदारोळ झाला! माझ्या मते जुनी नावं सोडू नयेत, पण गणित करताना दोन्ही म्हणायला हरकत नाही.

आता घरचा हिशोब. समजा, भाव टनाला 2750 आणि ऊस 11 टन. उजवीकडून चला. 0 तसाच. 5 अधिक 0, 5. 7 अधिक 5 म्हणजे 12, 2 ठेवा, हातचा 1. 2 अधिक 7 नि हातचा धरून 10, शून्य ठेवा, पुन्हा हातचा 1. शेवटी 2 अधिक 1, 3. झाले 30,250 रुपये. पडताळा 27,500 अधिक 2,750.

ही रीत 11 पुरतीच. वजन 11.460 टन आलं तर 11 टनांचे तोंडी काढा आणि वरच्या 460 किलोचे कागदावर. त्याचे 1,265 होतात, एकूण 31,515. पावती आली की पोराकडून हे एकदा करून घ्या.