गुडघ्याचा प्रश्न, पॉलिसीचं कलम

आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली आहे, पॉलिसीला दोन वर्षं झालीत. पैसे मिळतील का? विमा कंपनीच्या चॅटबॉटला हे विचारलं, तर तो अख्खी पॉलिसी वाचत नाही. पॉलिसीचे आधीच छोटे तुकडे केलेले असतात. त्यांना चंक म्हणतात. प्रत्येक चंकच्या अर्थाचं आकड्यांत रूपांतर करून ठेवलेलं असतं. प्रश्नाचंही तसंच रूपांतर होतं आणि जे चंक त्याच्या सर्वांत जवळचे, तेवढेच भाषा-मॉडेलपुढे जातात.

गोची इथेच होते. समजा, एका चंकमध्ये एवढंच आहे: ‘पहिल्या 36 महिन्यांत हा खर्च मिळणार नाही.’ कोणता खर्च? ते वरच्या शीर्षकात होतं आणि शीर्षक तोडताना मागे राहिलं. या वाक्यात गुडघा नाही, सांधा नाही, त्यामुळे ते शोधात सापडतच नाही. त्याऐवजी मोतीबिंदूचं 24 महिन्यांचं कलम पुढे येतं आणि चॅटबॉट ठामपणे सांगतो, पैसे मिळतील.

यावरचा पहिला उपाय साधा आहे. प्रत्येक चंकच्या डोक्यावर त्याचा पत्ता लिहायचा आणि आकड्यांत रूपांतर करायचं ते या पत्त्यासकट:

```
आरोग्य विमा > प्रतीक्षा कालावधी > कलम 4.2 सांधे बदलणे
पहिल्या 36 महिन्यांत हा खर्च मिळणार नाही.
```

आता गुडघ्याचा प्रश्न बरोबर इथे येऊन पोचतो. पण हा हेडर आटोपशीर हवा. दोन ओळींच्या मजकुरावर पाच ओळींचा हेडर चढवला, तर सगळे चंक एकसारखे दिसू लागतात आणि शोध पुन्हा भरकटतो.

तरीही अर्धं काम उरतंच. त्याच कलमाच्या शेवटी लिहिलेलं असतं: ‘अपघातामुळे शस्त्रक्रिया करावी लागल्यास ही अट लागू नाही.’ आई जिन्यावरून पडली असेल, तर सगळा निकाल या वाक्यावर आहे आणि ते दुसऱ्याच चंकमध्ये गेलेलं असतं. म्हणून शोध छोट्या चंकवर घ्यायचा, पण मॉडेलच्या हाती पूर्ण कलम द्यायचं. छोटा तो चाइल्ड, कलम ते पॅरेंट. प्रत्येक चाइल्डजवळ त्याच्या पॅरेंटचा क्रमांक असतो. एकाच कलमाचे तीन चाइल्ड सापडले, तरी कलम एकदाच पाठवायचं. लँगचेनमध्ये हे काम `ParentDocumentRetriever` करतो.

मग थेट कलमंच का शोधू नयेत? कारण मोठ्या मजकुरात दहा विषय असतात. त्या सगळ्यांचा मिळून एकच अर्थ धरला की तो पुसट होतो. उलट पॅरेंट म्हणून वीस पानांचं प्रकरण दिलं, तर खर्च वाढतो आणि नेमकं वाक्य त्या गर्दीत हरवतं. माझ्या मते पॅरेंटची हद्द शब्द मोजून ठरवू नये. नियम आणि त्याचे अपवाद जिथे संपतात, तिथे ती आखावी.

स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये शीर्षकं नीट ओळखली जात नाहीत. तिथे चुकीचा पत्ता चिकटतो आणि तो पत्ता नसण्यापेक्षा घातक. उत्तर चुकलं की आधी सापडलेला चाइल्ड पाहावा, मग त्याचा पॅरेंट. चूक शोधात आहे की मॉडेलच्या वाचनात, ते लगेच कळतं.

तुम्ही ग्राहक असाल, तर चॅटबॉटकडे कलमाचा क्रमांक मागा आणि ते कलम स्वतः शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.