करंट रेशो २:१, तरीही गल्ल्यात खडखडाट

गुणोत्तर विश्लेषणाच्या प्रश्नात साधारणपणे दोन वर्षांच्या ताळेबंदाचा उतारा दिलेला असतो. त्यावरून ठरावीक गुणोत्तरे काढायची आणि शेवटी ‘भाष्य करा’ या दोन शब्दांना उत्तर द्यायचे. समजा दहापैकी सहा गुण आकडेमोडीला आणि चार अर्थ लावण्याला आहेत. सहा गुण बहुतेकांना मिळतात. उरलेले चार बहुधा ‘गुणोत्तर आदर्श आहे, सबब कंपनीची स्थिती समाधानकारक आहे’ या एका वाक्यापायी जातात. पुढचा नमुना उतारा नेमका त्या वाक्याला अडवण्यासाठी रचलेला आहे. (आकडे लाख रुपयांत, ३१ मार्च अखेर.)

| | मागील वर्ष | चालू वर्ष |
|---|---|---|
| मालसाठा | २४ | ४८ |
| व्यापारी येणी | २० | ३० |
| रोख व बँक शिल्लक | १२ | ४ |
| आगाऊ दिलेले खर्च | ४ | २ |
| चालू मालमत्ता | ६० | ८४ |
| व्यापारी देणी | २२ | २६ |
| बँक ओव्हरड्राफ्ट | ५ | १२ |
| इतर चालू देणी | ३ | ४ |
| चालू देणी | ३० | ४२ |

सोबत इतकी माहिती: विक्री १८० वरून १९८ लाखांवर गेली, विकलेल्या मालाचा खर्च १४४ वरून १६२ लाखांवर. मागील वर्षाचा आरंभीचा साठाही २४ लाखांचाच होता. सर्व विक्री उधारीची आहे.

करंट रेशो, म्हणजे चालू गुणोत्तर, चालू मालमत्तेला चालू देण्यांनी भागून मिळते. मागील वर्षी ६० भागिले ३०, यंदा ८४ भागिले ४२. दोन्ही वर्षी २:१. खेळते भांडवल तर ३० लाखांवरून ४२ लाखांवर गेले आहे. इथेच थांबले, तर कंपनीचे काहीच बिघडलेले दिसत नाही.

वर्षभरात चालू मालमत्ता २४ लाखांनी वाढली खरी, पण तिच्या पोटात काय झाले ते रकानावार पाहावे लागते. साठा २४ लाखांनी फुगला, येणी १० लाखांनी वाढली, रोख ८ लाखांनी आटली आणि आगाऊ खर्च २ लाखांनी कमी झाले. पैसा होता तो गोदामात आणि गिऱ्हाइकांच्या उधारीत गेला. ही हलवाहलव करंट रेशोला दिसत नाही, कारण त्याच्या लेखी गोदामातले पोते आणि बँकेतली शिल्लक सारखीच.

क्विक रेशो हा फरक करतो. त्यात साठा आणि आगाऊ खर्च वगळतात, कारण पहिला विकल्याशिवाय पैसा होत नाही आणि दुसरा परत येत नाही. मागील वर्षी ३२ भागिले ३०, म्हणजे १.०७, यंदा ३४ भागिले ४२, म्हणजे ०.८१. तातडीच्या रुपयाभर देण्यामागे आता ८१ पैसेच उभे आहेत.

इथे एक मेख आहे. अनेक पाठ्यपुस्तके त्वरित देणी काढताना बँक ओव्हरड्राफ्टही वगळतात. ही सोय वर्षानुवर्षे चालू राहते, बँक ती उद्याच परत मागत नाही, असे त्यामागचे कारण. त्या रीतीने मागील वर्षी ३२ भागिले २५, म्हणजे १.२८ आणि यंदा ३४ भागिले ३०, म्हणजे १.१३ येते. एका रीतीने कंपनी १ च्या खाली गेली, दुसरीने वरच राहिली. उत्तरपत्रिकेत कोणती रीत घेतली ते एका ओळीत नोंदवले नाही, तर बरोबर आकडाही चुकीचा दिसू शकतो. मात्र दोन्ही रीतींत घसरण आहेच, म्हणून भाष्याचा भार १ या रेषेवर न टाकता घसरणीच्या दिशेवर टाकणे अधिक सुरक्षित.

घसरण का झाली, याचे धागेदोरे उलाढालीत सापडतात. विकलेल्या मालाच्या खर्चाला सरासरी साठ्याने भागले, की साठा वर्षात किती वेळा फिरला ते कळते. मागील वर्षी १४४ भागिले २४, म्हणजे ६ वेळा. यंदा सरासरी साठा ३६, म्हणून १६२ भागिले ३६, म्हणजे साडेचार वेळा. दिवसांत सांगायचे तर माल पूर्वी सुमारे ६१ दिवस पडून राही, आता ८१ दिवस राहतो. वसुलीचेही तेच. वर्षअखेरच्या येण्यांवर हिशेब केला, तर उधारी ४१ दिवसांत येत होती, ती ५५ दिवसांवर गेली. विक्री १० टक्के वाढली, पण ढोबळ नफा ३६ लाखांवरच अडला, म्हणजे विक्रीच्या २० टक्क्यांवरून सुमारे १८ टक्क्यांवर आला.

आता चार गुणांचे भाष्य असे लिहिता येते: ‘चालू गुणोत्तर २:१ वर स्थिर आहे, पण त्याची गुणवत्ता घटली आहे. साठा दुप्पट झाला आणि विक्री १० टक्केच वाढली. माल व उधारी दोन्ही सावकाश सुटत असल्याने रोख ४ लाखांवर आली आणि ओव्हरड्राफ्ट ५ वरून १२ लाखांवर गेला. साठ्यात न खपणारा माल किती आहे, हे उताऱ्यावरून ठरवता येत नाही.’ यात आकडा आहे, तुलना आहे, उताऱ्यातूनच काढलेले कारण आहे आणि उतारा कुठे मुका आहे याची कबुली आहे. ‘व्यवस्थापन अकार्यक्षम आहे’ असे लिहिणाऱ्याकडे त्याचा पुरावा नसतो.

ती कबुली केवळ गुणांपुरती नाही. हाच ताळेबंद साखर कारखान्याचा असता, तर निष्कर्ष बदलला असता. महाराष्ट्रात गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालते. त्यामुळे ३१ मार्चला गोदामे भरलेलीच असतात आणि त्या साखरेवर बँकेचे कर्जही असते. तिथे मार्चअखेरचा मोठा साठा हंगामाचा असतो, मंदीचा असेलच असे नाही.

२:१ हा आकडाही कुठल्या कायद्यातला नाही. कर्ज देणाऱ्या बँकांच्या अंदाजातून तो रूढ झाला. भारतात रिझर्व्ह बँकेने १९७४ मध्ये नेमलेल्या टंडन समितीच्या दुसऱ्या पद्धतीत चालू मालमत्तेचा चौथा हिस्सा दीर्घ मुदतीच्या पैशातून यावा लागे. म्हणजे १०० रुपयांच्या मालमत्तेमागे ७५ रुपयांची चालू देणी, आणि गुणोत्तर १.३३.

शिवाय हा आकडा हलवताही येतो. या कंपनीने ३१ मार्चच्या सकाळी उरलेली ४ लाखांची रोख धनकोंना देऊन टाकली असती, तर मालमत्ता ८०, देणी ३८ आणि करंट रेशो २.११ झाला असता. गल्ला रिकामा झाला, पण गुणोत्तर सुधारले! गुणोत्तर १ पेक्षा जास्त असताना दोन्ही बाजूंनी सारखी रक्कम वजा केली, की ते वाढतेच.

कंपनी कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर कंपन्यांना ११ गुणोत्तरे टिपांमध्ये द्यावी लागतात आणि एखादे मागील वर्षापेक्षा २५ टक्क्यांहून जास्त बदलले, तर कारणही सांगावे लागते. त्या ११ मध्ये क्विक रेशो नाही. करंट रेशो आहे, पण तो इथे तसूभरही हललेला नाही. साठ्याची उलाढाल ६ वरून साडेचारवर आली, म्हणजे बरोबर २५ टक्क्यांनी घटली. नियम ‘२५ टक्क्यांहून जास्त’ असा असल्याने तिचेही कारण द्यायला ही कंपनी बांधील नाही.