स्पॅममध्ये अडकलेली ऑर्डर

प्रकाशक म्हणतो, "ऑर्डर मेल केली." चित्रकार म्हणते, "आलीच नाही." खरं तर दोघंही खोटं बोलत नसतात. जीमेलमध्ये तिने प्रकाशनाचं नाव टाकून शोधलेलंही असतं, पण हा शोध स्पॅमच्या फोल्डरात डोकावतच नाही. तिथलं पाहायचं तर शोधपट्टीत असं लिहावं लागतं:

```
in:spam ऑर्डर
```

मेल सापडतो. मात्र तो शोधायला उशीर झाला, तर स्पॅममधले मेल ३० दिवसांनी आपोआप पुसले जातात.

सापडलेला मेल नुसता वाचून किंवा उत्तर देऊन भागत नाही. `Not spam` हे बटण दाबलं, तरच गाळणीला आपली चूक कळते. पॉल ग्रॅहॅम यांनी २००२ साली मांडलेली स्पॅम ओळखण्याची पद्धत याच तत्त्वावर होती: चांगल्या आणि वाईट मेलमधले शब्द मोजायचे आणि नव्या मेलचा कल कुठे झुकतो ते पाहायचं. खरा मेल अडकणं हे जास्त नुकसानीचं, म्हणून चांगल्या मेलमधल्या शब्दांची मोजणी ते दुप्पट धरत. आजच्या गाळण्या शब्दांपलीकडे बरंच काही तपासतात, तरी वापरणाऱ्याचा कौल अजूनही मोलाचा असतो. म्हणूनच स्वतःच मागवलेलं वार्तापत्र नकोसं झालं की ते बंद करण्याऐवजी स्पॅम ठरवण्याची सवय वाईट. तो कौलही मोजला जातो.

एवढं करूनही पुढचा मेल पुन्हा स्पॅममध्ये गेला, तर? संगणकावर तो मेल उघडून तीन ठिपक्यांच्या मेनूतून `Filter messages like these` निवडायचं, प्रकाशनाचा पूर्ण पत्ता तपासायचा आणि `Never send it to Spam` वर खूण करायची. इथे नुसतं `gmail.com` टाकणं म्हणजे दार सताड उघडं सोडणं. पूर्ण पत्ता दिला तरी सावध राहावंच लागतं, कारण पाठवणाऱ्याच्या जागी दुसऱ्याचा पत्ता घालणं भामट्यांना जमतं.

त्याच मेनूतलं `Show original` उघडलं की खरी गोम कळते. तिथे SPF समोर `PASS` नसून `FAIL` किंवा `SOFTFAIL` असेल, तर त्या पत्त्यावरून मेल पाठवायची परवानगी नसलेल्या सर्व्हरने तो पाठवलाय. यामागे भामटा असू शकतो. म्हणून आधी प्रकाशकाला फोन करून खात्री करून घ्यावी. पण पुष्कळदा कारण साधं असतं. संस्थेने मेलची सेवा बदललेली असते आणि डोमेनच्या नोंदीत जुन्याच सर्व्हरचं नाव राहिलेलं असतं.

अशा वेळी चित्रकाराने कितीही बटणं दाबली, तरी प्रकाशकाचे मेल इतरांकडे अडकतच राहतील. तिने त्या पानाचा फोटो त्याला पाठवावा आणि डोमेन सांभाळणाऱ्याकडून SPF ची नोंद दुरुस्त करून घ्यायला सांगावं.