पासष्ट की सत्त्याऐंशी?

मोठ्या वातानुकूलित इमारतीत गच्चीवर किंवा जिन्याशेजारच्या खोलीत पत्र्याची एक लांबलचक पेटी असते. आत फिल्टर, थंड पाण्याची कॉइल आणि पंखा. हे एअर हँडलिंग युनिट, म्हणजेच एएचयू. कारखान्यात ते बनायला घेण्याआधी कंत्राटदाराला त्याची शॉप ड्रॉइंग आणि डेटा शीट सल्लागाराकडे पाठवावी लागतात. सल्लागार ती स्पेसिफिकेशनशी ताडून पाहतो आणि शेरे लिहून परत करतो. पत्रा कापला गेला नाही तोवर चूक दुरुस्त करायला फक्त कागद बदलावा लागतो.

समजा, एका कार्यालयासाठी मिनिटाला १०,००० घनफूट हवा देणारे युनिट हवे आहे. स्पेसिफिकेशनमध्ये म्हटले आहे: डक्टसाठी ४० मिमी बाह्य दाब, आणि पंखा निवडताना फिल्टर मळलेले धरावेत. (हा दाब पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत मोजतात.) डेटा शीटवर पंख्याचा एकूण दाब ६५ मिमी दिसतो. चाळीसपेक्षा पासष्ट जास्तच आहे, म्हणून घाईतला तपासणारा इथे बरोबरची खूण करून पुढे जातो.

पण पासष्ट आले कुठून? त्याच शीटच्या खालच्या तक्त्यात प्री-फिल्टर ४, फाइन फिल्टर ९ आणि कॉइल १२ मिमी दाब खातात असे लिहिलेले असते. हे पंचवीस आणि डक्टचे चाळीस मिळून पासष्ट. म्हणजे हिशेब कोऱ्या फिल्टरचा आहे. मळल्यावर तेच फिल्टर १० आणि २५ मिमी खाणार असतील, तर एकूण दाब ८७ वर जातो. पंख्याची कार्यक्षमता ६५ टक्के धरली तर ६५ मिमीला साधारण ४.६ किलोवॅट लागतात आणि ८७ ला ६.२. पहिल्या हिशेबात ५.५ किलोवॅटची मोटर बसते, दुसऱ्यात ७.५ ची घ्यावी लागते.

ही चूक चाचणीच्या दिवशी पकडली जात नाही. त्या दिवशी फिल्टर नवे असतात, हवा पुरेपूर मिळते, सगळे सह्या करून मोकळे होतात. काही महिन्यांनी फिल्टर भरतात, हवा कमी पडते आणि खोल्या तापल्याच्या तक्रारी येतात. मग कोणीतरी पंख्याचा वेग वाढवतो आणि मोटर ट्रिप होऊ लागते.

दुसरी तपासणी कंत्राटदाराच्याच दोन कागदांना समोरासमोर बसवण्याची. डेटा शीट म्हणते, कॉइलवरून हवेचा वेग मिनिटाला ५०० फूट. स्पेसिफिकेशनची कमाल मर्यादाही तीच. ड्रॉइंगमध्ये मात्र पात्यांचा भाग ३६ बाय ७२ इंच, म्हणजे १८ चौरस फूट. भागाकार केला की वेग ५५५ येतो. एवढ्या वेगात पात्यांवर जमलेले थेंब हवेबरोबर उडून पंख्याच्या कप्प्यात जाण्याचा धोका असतो. माझा अनुभव असा की शीट कार्यालयात संगणकावर बनते आणि ड्रॉइंग कारखान्यातल्या जुन्या नमुन्यावरून, आणि दोघांची भेट क्वचितच होते.

तिसरी गोष्ट ड्रॉइंगच्या तळाशी, जिथे नजर सहसा पोचत नाही. पंखा कॉइलच्या पुढे असल्याने कॉइलखालचा ट्रे ओढीत असतो. फिल्टर आणि कॉइलचे ४७ मिमी, अधिक परतीच्या डक्टचे समजा १५, म्हणजे ६२ मिमीची ओढ. पाणी बाहेर जायचे तर निचऱ्याच्या ट्रॅपचे बाहेरचे तोंड ट्रेच्या तोंडापेक्षा ओढीहून थोडे जास्त, म्हणजे ८५–९० मिमी खाली हवे, आणि त्याखाली अडून राहणाऱ्या पाण्यासाठी आणखी निम्मी खोली. पाइपची जाडी सोडूनच हे १३० मिमी झाले. ड्रॉइंगमधली बेस फ्रेम १०० मिमीची आणि खाली चौथरा नाही. मग पंखा सुरू असताना ट्रे भरत राहतो आणि बंद करताच पाणी धो धो वाहते. हे लक्षण दिसले की ट्रॅप उथळ आहे असे बहुधा खुशाल समजावे.

शेरा कसा लिहावा, यालाही महत्त्व आहे. ‘पंखा तपासावा’ एवढेच लिहिले तर ‘तपासला, ठीक आहे’ असे उत्तर येते. त्याऐवजी ‘एकूण दाबात फिल्टर कोरे धरले आहेत, मळलेल्या फिल्टरवर ८७ मिमीसाठी पंखा आणि मोटर पुन्हा निवडून वक्र सादर करावा’ असे, स्पेसिफिकेशनच्या कलम क्रमांकासह लिहावे. कॉइलच्या शेऱ्यात २० चौरस फूट हा आकडा स्पष्ट द्यावा, चौथऱ्याचा शेरा सिव्हिलच्या माणसालाही पाठवावा.

ही तीन कारणे असताना कागद ‘शेऱ्यांसह मंजूर’ करू नये. ‘सुधारून पुन्हा सादर करा’ असाच शिक्का हवा. पहिल्या शिक्क्यावर कारखाना काम सुरू करतो आणि शेरे फायलीत राहतात. शिवाय मोटर साडेपाचची साडेसात झाली की स्टार्टर आणि केबलही तपासाव्या लागतात. इलेक्ट्रिकल पॅनेलची ड्रॉइंग बहुतेक वेळा वेगळ्या टेबलावरून, जुन्याच मोटरवर, आधीच मंजूर होऊन गेलेली असतात.