रात्रभर लोळणारं बाळ आणि रक्तातलं फेरिटिन

दीड-दोन वर्षांचं मूल झोपेत जागा बदलतंच. पण काही मुलं उशाशी डोकं ठेवून झोपतात आणि पहाटे पायथ्याशी सापडतात. रात्रभर पाय झाडतात, पांघरूण लाथाडतात, मधेच किरकिर करून पुन्हा झोपतात, आणि आईबाबांना मात्र जागं ठेवतात. घरातली मोठी माणसं दात येतायत, जंत झालेत, दृष्ट लागली असं काहीबाही सांगतात. यातल्या जंतांची शंका डॉक्टरही घेतात, कारण सूतकृमींमुळे गुदद्वाराशी रात्रीच खाज सुटते. पण आठवडेच्या आठवडे असंच चाललं असेल, तर बालरोगतज्ज्ञाच्या मनात आणखी एक शंका येते, ती शरीरातल्या लोहाची.

मेंदूत डोपामिन नावाचं रसायन तयार व्हायला लोह लागतं, आणि हातापायांच्या हालचालींवरचा ताबा बराचसा या डोपामिनवर अवलंबून असतो. लोह कमी पडलं की झोपेतही पाय स्वस्थ राहत नाहीत, असं आज मानलं जातं. मोठा माणूस ‘पायात कसंतरी होतंय’ म्हणून सांगू शकतो, दोन वर्षांचं मूल काय सांगणार? म्हणून डॉक्टर आईबाबांनाच विचारतात, ‘तुमच्यापैकी कुणाला संध्याकाळी पाय हलवत राहावंसं वाटतं का?’ ही तक्रार घराण्यात चालत येते. झोपलेल्या मुलाचा मोबाइलवर काढलेला दोन-चार मिनिटांचा व्हिडिओ वर्णनापेक्षा कितीतरी उपयोगी पडतो.

समजा, वीस महिन्यांचा, 11 किलोचा एक मुलगा आहे. दिवसाकाठी 900 मिलीच्या आसपास गाईचं दूध बाटलीने पितो, त्यामुळे जेवणाला भूक उरत नाही. शिवाय भिंतीचे पोपडे खातो. डॉक्टरांच्या दृष्टीने निम्मं निदान इथेच झालं. दुधात लोह नगण्य असतं आणि त्यातलं कॅल्शियम इतर अन्नातल्या लोहालाही अडवतं. जन्माच्या वेळी आईकडून मिळालेला साठा साधारण सहाव्या महिन्यापर्यंत पुरतो, पुढे भिस्त जेवणावर.

आता तपासणी. सीबीसीमध्ये हिमोग्लोबिन आलं 11.2. या वयाला ते ठीक आहे, आणि बऱ्याच घरी विषय तिथेच संपतो. पण हिमोग्लोबिन म्हणजे रोजच्या ताटातली भाकरी, तर फेरिटिन म्हणजे कणगीतलं धान्य. कणगी तळाला गेली तरी ताट काही दिवस भरलेलं दिसतं. म्हणून झोपेची तक्रार असेल तर फेरिटिन वेगळं सांगून तपासावं लागतं.

मुलाचं फेरिटिन आलं 38. छापील मर्यादेत आहे म्हणून कुणी निश्चिंत होईल. पण त्या आठवड्यात त्याला ताप-सर्दी होती. शरीरात कुठेही दाह असला की फेरिटिन आपोआप चढतं, साठा रिकामा असला तरी. म्हणून सोबत सीआरपी पाहतात. ते 24 निघालं, म्हणजे बरंच वाढलेलं. अशा वेळी त्या 38 वर विश्वास ठेवायचा नाही. मूल पूर्ण बरं झाल्यावर, तीन आठवड्यांनी सकाळी पुन्हा रक्त घेतलं, तेव्हा सीआरपी नॉर्मल होतं आणि फेरिटिन 9.

पाच वर्षांखालच्या निरोगी मुलात 12 पेक्षा कमी फेरिटिन ही जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाने लोहाची कमतरता. झोपेचे डॉक्टर मात्र पाय झाडणाऱ्या मुलात 50 च्या खालीही औषधाचा विचार करतात. लॅबच्या कागदावर ‘नॉर्मल’ आणि डॉक्टरांच्या मते कमी, हा घोळ इथून येतो. 30-40 च्या मुलाला औषध द्यायचं का, हा निर्णय झोपेची तक्रार किती खरी आणि किती जुनी आहे यावर ठरतो. माझ्या मते, निव्वळ आकडा पाहून बाटली लिहून देणं बरं नव्हे. तांबड्या पेशी फारच लहान दिसत असतील आणि फेरिटिन चांगलं असेल, तर थॅलेसेमिया मायनरही पाहावा लागतो. तिथे लोह देऊन काही साधत नाही.

या मुलाला डॉक्टर दिवसाला प्रत्येक किलोमागे 3 मिग्रॅ, म्हणजे 33 मिग्रॅ लोह लिहून देतील. एका मिलीत किती लोह, हे प्रत्येक कंपनीच्या बाटलीत वेगळं असतं, म्हणून शेजारच्या मुलाचा डोस आपल्या मुलाला चालत नाही. औषध दुधासोबत द्यायचं नाही, दूधही निम्म्यावर आणायचं. नाचणी-गूळ जरूर द्यावा, पण रिकामा साठा त्याने भरत नाही. शी काळपट होईल, घाबरायचं कारण नाही. बाटली मात्र कुलपात हवी, कारण मुलाने ती एकदम पिऊन टाकली तर जिवावर बेतू शकतं.

तीन महिन्यांनी फेरिटिन पुन्हा तपासतात. ते 50 च्या वर गेलं आणि मूल शांत झोपू लागलं, तर औषध थांबवतात. आकडा चढला पण लोळणं तसंच राहिलं, तर लोह बाजूला ठेवून घोरणं, तोंडाने श्वास, वाढलेले ॲडिनॉइड, अंगावरची खाज यांच्याकडे वळायचं. गरज पडली तर रात्रभराची झोपतपासणी, म्हणजे स्लीप स्टडी, करतात.