घासाघीस न करणारा क्लायंट

घरून भाषांतर, डिझाइन, टायपिंग किंवा प्रोग्रॅमिंगची कामं करणाऱ्या माणसाला दरावरून घासाघीस करणाऱ्या क्लायंटची सवय असते. शब्दाला दीड रुपया मागितला की सव्वाची बोली येते, मग कुठेतरी मधे जमतं. म्हणून एखादा अनोळखी क्लायंट मागितल्यापेक्षा जास्त देऊ करतो तेव्हा आनंद होणं साहजिक आहे. पण ज्याला पैसे द्यायचेच नाहीत, त्याला घासाघीस करण्याचं कारणही नसतं. या उदार क्लायंटचा डाव नेमका कसा चालतो हे एका उदाहरणातून पाहू. माणसं आणि आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, क्रम मात्र अशा फसवणुकीत नेहमी दिसणारा आहे.

समजा, साताऱ्यात राहून इंग्रजीतून मराठीत भाषांतर करणारी एक तरुणी आहे. तिला लिंक्डइनवर निरोप येतो. परदेशातल्या एका कंपनीला आरोग्यविषयक साहित्य मराठीत हवं आहे, 40,000 शब्द, मुदत तीन आठवडे, दर शब्दाला चार रुपये. एरवी तिला या कामाचे साठेक हजार मिळाले असते, इथे 1,60,000 मिळणार आहेत. तिने होकार दिला की पुढचं बोलणं टेलिग्रामवर सरकतं. का, तर ‘आमचे प्रोजेक्ट मॅनेजर तिथे असतात.’ मग 600 शब्दांची विनामोबदला चाचणी येते, आणि उद्या दुपारपर्यंत ती परत हवी असते.

ती रात्री बसून मनापासून चाचणी पूर्ण करते. अर्ध्या तासात उत्तर येतं, उत्कृष्ट काम, तुमची निवड झाली. सोबत शिक्का आणि सही असलेला करार येतो, पॅन आणि आधारची प्रत मागितली जाते. सगळं ठरल्यावर एक किरकोळ वाटावी अशी अट पुढे येते. आमचं काम एका विशिष्ट सॉफ्टवेअरमध्येच चालतं, त्याचा परवाना अमुक अधिकृत विक्रेत्याकडून घ्या, किंमत 7,500 रुपये, पहिल्या हप्त्यात ती तुम्हाला परत मिळेल.

या डावात चाचणीचं काम काय, हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. आधी चाचणी आणि मग पैशांची मागणी, हा क्रम मुद्दाम ठेवलेला असतो. पहिल्याच निरोपात कोणी 7,500 रुपये मागितले असते तर तिने तो निरोप पुसून टाकला असता. नोकरीसाठी नोंदणी शुल्क मागणारे ठग आता सगळ्यांना माहीत झाले आहेत. पण रात्र जागून केलेल्या कामाला शाबासकी मिळाली की ही निवड आपण स्वतःच्या गुणवत्तेवर मिळवली आहे असं वाटतं, आणि कमावलेल्या गोष्टीवर माणूस सहसा संशय घेत नाही. शिवाय मागणी ‘शुल्क’ म्हणून येत नाही, ती व्यवसायाचं साधन म्हणून येते. स्वतःचा कॉम्प्युटर, इंटरनेट, फॉन्ट यांचा खर्च स्वतः करायची सवय असलेल्या माणसाला ती रास्त वाटते.

इथे एक खूण हाताशी असते. खरा संपादक चाचणी वाचतो, आणि वाचली की काही तरी म्हणतो. ही संज्ञा आम्ही वेगळी वापरतो, हे वाक्य लांब झालंय, इथे एक ओळ सुटली आहे. ज्या कौतुकात तुमच्या मजकुरातला एकही शब्द येत नाही, ते कौतुक चाचणी न उघडताही पाठवता येतं.

आता सॉफ्टवेअरचं पाहू. ट्रेडॉस, मेमोक्यू यांसारखी भाषांतराची सॉफ्टवेअर या धंद्यात खरोखर वापरली जातात, त्यामुळे मागणी ऐकायला खोटी वाटत नाही. पण या सॉफ्टवेअरमध्ये फाइलींची देवाणघेवाण एक्सलिफ, टीएमएक्स अशा ठरलेल्या प्रमाण स्वरूपांत होते. एकात तयार केलेली फाइल बहुतेक वेळा दुसऱ्यातही उघडता येते, अगदी ओमेगा-टीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्येसुद्धा. जी एजन्सी स्वतःच्या सर्व्हरवरच काम करून घेते, ती भाषांतरकाराला कामापुरता परवाना स्वतः देते किंवा ब्राउझरमध्ये उघडणारी लिंक पाठवते. डिझायनर आणि प्रोग्रॅमर यांच्याबाबतीतही फार वेगळं नसतं. एखादं साधन तुमच्याकडे असायला हवं एवढं क्लायंट म्हणू शकतो, पण ते अमुक माणसाकडूनच, आजच, अमुक क्यूआर कोडवर पैसे भरून घ्या, असा आग्रह धरण्याचं त्याला काही कारण नाही. तो आग्रह दिसला की क्लायंट आणि विक्रेता एकच आहेत असं समजावं.

पडताळायला पाच मिनिटं पुरतात. विक्रेत्याच्या वेबसाइटचं नाव lookup.icann.org इथे टाकलं तर .com सारख्या नावांची नोंदणी कोणत्या तारखेला झाली ते दिसतं. दहा वर्षं जुनी म्हणवणारी कंपनी आणि तीन आठवड्यांपूर्वी नोंदवलेली वेबसाइट, एवढं पुरेसं आहे. दुसरं, यूपीआयने पैसे पाठवताना पिन टाकण्याआधी घेणाऱ्याचं नाव दिसतं. तिथे सॉफ्टवेअर कंपनीऐवजी कोणा एका व्यक्तीचं नाव असेल तर तिथेच थांबावं. तिसरं, कंपनी खरी असेल तर तिच्या मूळ वेबसाइटवरचा ईमेल पत्ता शोधून स्वतः विचारावं, की हा माणूस तुमचा आहे का. निरोपात आलेला पत्ता वापरू नये. ठग पुष्कळदा खऱ्या कंपनीचं नाव आणि खऱ्या कर्मचाऱ्याचा फोटो उचलतात.

आपल्या उदाहरणातली तरुणी हे करत नाही आणि 7,500 रुपये भरते. परवान्याची की येते, पण ती चालत नाही. विक्रेता म्हणतो, सक्रिय करायला 12,000 रुपयांची परत मिळणारी अनामत लागते. ती कचरते, तोच क्लायंट एक स्क्रीनशॉट पाठवतो. तुमचा 40,000 चा पहिला हप्ता आम्ही पाठवला आहे, सॉफ्टवेअर सुरू झालं की तो मोकळा होईल. आता तिच्यासमोर गेलेले 7,500 आणि येणार असलेले 40,000 दोन्ही आहेत. थांबलं तर दोन्ही जातात असं वाटतं, म्हणून ती 12,000 भरते. त्यानंतर जीएसटीची रक्कम मागितली जाते. साडेएकोणीस हजार गेल्यावर ती नाही म्हणते आणि समोरचं खातं गायब होतं. परतफेडीचं आश्वासन खरं असतं, तर ज्या कंपनीकडे 40,000 पाठवण्याची सोय आहे तिने 7,500 चा परवाना स्वतःच विकत घेऊन दिला असता.

सगळ्याच फुकट चाचण्या सॉफ्टवेअरपर्यंत जात नाहीत. काही ठिकाणी चाचणी हाच माल असतो. 8,000 शब्दांचा अहवाल 400 शब्दांच्या वीस तुकड्यांत फोडायचा, वीस अर्जदारांना एकेक तुकडा चाचणी म्हणून द्यायचा, आणि सगळे जोडले की भाषांतर फुकटात तयार. दीड रुपया दराने हे 12,000 रुपयांचं काम झालं. असा तुकडा ओळखता येतो. तो वाक्याच्या मधूनच सुरू होतो, त्यात ‘वर म्हटल्याप्रमाणे’ असतं पण वर काहीच नसतं, किंवा मुद्द्यांचे आकडे 4.3 पासून सुरू होतात. डिझायनरला दिलेल्या चाचणीत खऱ्या दुकानाचं नाव आणि पत्ता असेल, सगळ्या मापांत जाहिरात मागितली असेल आणि वर मूळ फाइलही हवी असेल, तर ते कामच आहे. भाषांतरात अडीचशे-तीनशे शब्दांची चाचणी बहुतेकांना मान्य असते. त्यापुढचं काम पैसे घेऊनच करावं.

इथे कायदा आपल्या बाजूने आहे, हे अनेकांना माहीत नसतं. कॉपीराइट कायदा, 1957 नुसार स्वतंत्रपणे काम करणाऱ्याच्या कृतीचा पहिला हक्कदार सहसा तो स्वतः असतो, आणि तो हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. म्हणून चाचणी पाठवताना ईमेलमध्ये एक ओळ घालावी, ‘हा नमुना फक्त निवडीसाठी आहे, वापरायचा असल्यास ठरलेला मोबदला द्यावा.’ परदेशातल्या लबाडावर खटला भरणं जवळजवळ अशक्य आहे हे खरं, पण पुण्यामुंबईतली एजन्सी ही ओळ वाचून दोनदा विचार करते.

प्रोग्रॅमरसाठी धोका याहून मोठा आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये पालो आल्टो नेटवर्क्सच्या युनिट 42 या पथकाने उत्तर कोरियाशी जोडलेल्या एका मोहिमेची माहिती उघड केली. मुलाखतीच्या निमित्ताने डेव्हलपरला कोडचा प्रकल्प देऊन तो चालवायला सांगितलं जात होतं. त्यात लपवलेला प्रोग्रॅम ब्राउझरमधले पासवर्ड आणि क्रिप्टो वॉलेटची माहिती चोरत असे. अशा प्रकल्पात नुसतं `npm install` केलं तरी लपलेला कोड चालू शकतो. अनोळखी माणसाने दिलेला कोड रोजच्या कॉम्प्युटरवर चालवू नये, वेगळ्या व्हर्च्युअल मशीनमध्येच उघडावा.

पैसे गेलेच असतील तर वेळ फार महत्त्वाचा. 1930 या क्रमांकावर लगेच फोन करावा, cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवावी आणि बँकेलाही कळवावं. रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात फिरवली जाते, ती पुढे सरकण्याआधी तक्रार पोहोचली तर बँका ती गोठवू शकतात. यूपीआय व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक, वेळ आणि पैसे घेणाऱ्याचा यूपीआय आयडी हाताशी ठेवावा. टेलिग्रामवर समोरचा माणूस संपूर्ण संभाषण दोघांच्याही फोनमधून पुसू शकतो, म्हणून स्क्रीनशॉट आधी घ्यावेत. ते ‘सॉफ्टवेअर’ कॉम्प्युटरवर टाकलं असेल तर इंटरनेट बंद करून पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदलावेत. आधारची प्रत दिली असेल तर आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवावं.

अनेक जण लाजेमुळे किंवा रक्कम लहान म्हणून तक्रार करत नाहीत. कृपा करून करा. तुमचे 7,500 ज्या खात्यात गेले, त्याच खात्यात त्याच आठवड्यात इतरांचेही जात असतात, आणि ते खातं गोठवायला पोलिसांना कोणाच्या तरी तक्रारीची मदत होते.