सोमवारचा शीरखुर्मा

रमजान ईदच्या सकाळी ईदगाहवरून माणसं परतली, गळाभेटी झाल्या, की झाकण घातलेली भांडी घराघरांतून बाहेर पडतात. काही नातेवाइकांकडे जातात, काही शेजारी. शेजार हिंदू असेल तर भांड्याबरोबर थोडा संकोचही जातो. देणाऱ्याला वाटतं, हे लोक खातील का. घेणाऱ्याला वाटतं, विचारलं तर राग येईल का. मग दोघंही गोड हसतात आणि काहीच विचारत नाहीत. हा संकोच बहुतेक वेळा धर्माचा असतो असं आपण धरून चालतो. कित्येकदा तो नुसत्या वाराचा असतो. कसा, ते सांगायला एक गोष्ट रचली आहे. माणसं कल्पनेतली, तारखा खऱ्या.

सोलापुरातली एक तीन मजली इमारत. दुसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन बिऱ्हाडं. एकीकडे आजी, त्यांचा मुलगा, सून आणि नातू. मुलाला सगळी इमारत ‘बाबा’ म्हणते. दुसरीकडे भाभी, त्यांचे यजमान आणि सासूबाई, म्हणजे अम्मी. 2025 साली गुढीपाडवा 30 मार्चला, रविवारी आला. आजींनी सूर्यास्ताआधी गुढी उतरवली आणि थोड्याच वेळात समोरच्यांनी गच्चीवरून चंद्रकोर पाहिली. म्हणजे सोमवारी ईद.

भाभींची तयारी आधीच सुरू होती. खारका दुपारीच भिजत घातल्या होत्या, कारण न भिजलेली खारीक दुधात कितीही उकळली तरी दाताखाली चिवट लागते. रात्री त्यांच्या बिया काढून उभे पातळ काप झाले. बदाम-पिस्ते गरम पाण्यात टाकून सोलले. चारोळी भाभी आधी चार दाणे चावून बघतात. जुनी चारोळी खवट होते आणि तिची चव अख्ख्या पातेल्यात उतरते. दोन लिटर दूध मंद आचेवर थोडं आटवलं. खारकेचे काप आणि सुका मेवा साजूक तुपात परतून घेतला, त्याच तुपात केसासारख्या बारीक शेवया बदामी रंगावर भाजल्या. दोन लिटरला शेवया जेमतेम दोन मुठी. जास्त झाल्या तर शीरखुर्म्याची खीर होते, असं अम्मींचं म्हणणं. साखर शेवटी, बेताची, कारण खारकेचा गोडवा नंतर उतरतो. वरून वेलची.

या यादीत शंका घ्यावी असं काहीच नाही, हे एकदा स्पष्ट सांगून टाकतो. दूध, खारीक, शेवया, मेवा, तूप, साखर. ईदचा मांसाहार दुपारच्या जेवणाचा, बिर्याणी-कोरम्याचा. ही वाटी सकाळची. नमाजला निघण्याआधी गोड तोंड करायची रीत आहे. पैगंबर ईदुल फित्रच्या नमाजला जाण्यापूर्वी विषम संख्येत खजूर खात, असं हदीसमध्ये आलं आहे. राहिला प्रश्न भांड्याचा, जो मनात येतो पण ओठावर येत नाही. पातेल्याला आंबटपणा किंवा मसाला राहिला असेल तर दूध फाटतं, वास तर लगेच धरतं. त्यामुळे दुधाचं पातेलं वेगळं ठेवणं ही रांधणाऱ्या कुणाचीही गरज असते. भाभींचंही वेगळंच आहे.

तर सोमवारी दहाच्या सुमारास भाभी स्टीलचा डबा घेऊन दारात उभ्या राहिल्या. सुनेने ‘ईद मुबारक, भाभी’ म्हणत डबा घेतला आणि आत बसवलं. नातवाने तिथेच वाटी संपवली. भाभींनी आजींकडे पाहिलं. आजींनी डब्याचं झाकण उघडलं, ‘वास काय सुंदर आलाय!’ म्हणाल्या आणि झाकण परत लावलं.

‘थोडा घ्या ना, आजी.’

‘घेते, घेते. मागनं घेते.’

भाभींनी समजायचं ते समजून घेतलं. ‘नवीन पातेल्यात केलाय हो, आजी,’ असं त्या उगाचच म्हणाल्या. आजींना ते लागलं. मी कुठे पातेल्याचं विचारलं? त्यांनी घाईघाईने ‘अगं, तसं नाही गं’ म्हटलं, पण मग कसं, ते सांगितलं नाही. भाभी दोन मिनिटं बसून, ‘घरी पाहुणे येतील’ म्हणून उठल्या.

आजींचा सोमवार होता, एवढंच. दूध चालतं, खारीक चालते, बदाम चालतात, पण शेवया गव्हाच्या. उपवासाला गहू चालत नाही. हे दारातच सांगायला काय हरकत होती? आजींचा स्वभाव असा की, सणाच्या दिवशी कुणी गोड आणलं असताना ‘उपास आहे’ म्हणणं त्यांना तोंडावर नाही म्हटल्यासारखं वाटतं. आपल्याकडे असल्या सौजन्याने जितके गैरसमज झाले असतील, तितके भांडणाने झाले नसावेत.

पण भाभींनी मनाला लावून घेण्यामागे एका सोमवारापेक्षा जास्त काही होतं. 2022 मध्ये ईद 3 मे रोजी होती, मंगळवारी. त्या दिवशी अक्षय्यतृतीयाही होती, घरात आमरस-पुरणपोळी होती, पण सुनेचा तेव्हा मंगळवार असे. तिने वाटी बाजूला ठेवली. 2023 ला 22 एप्रिल, पुन्हा अक्षय्यतृतीया, आणि वार शनिवार. बाबांचा मारुतीचा उपवास. 2024 ला 11 एप्रिल, गुरुवार. सुनेने मंगळवार सोडून दत्ताचा गुरुवार धरला होता. आणि आता सोमवार. चार वर्षं सलग या घरात कुणी ना कुणी भाभींसमोर झाकण परत लावलं होतं. दरवर्षी माणूस वेगळं, उत्तर मात्र तेच: ‘मागनं घेते.’ भाभींच्या जागी कुणीही असतं तरी दुसरा काय अर्थ काढला असता?

यामागे पंचांगाची गंमत आहे. हिजरी वर्ष चांद्र असतं, 354 किंवा 355 दिवसांचं. म्हणजे पन्नास आठवडे आणि वर चार-पाच दिवस. त्यामुळे ईदचा वार दरवर्षी चार किंवा पाच घरं पुढे सरकतो. मंगळवारचा शनिवार, शनिवारचा गुरुवार, गुरुवारचा सोमवार. महाराष्ट्रात जे चार वार लोक जास्त करून उपवासाला धरतात, नेमके ते चारही ओळीने आले.

याउलट तिथीचे उपवास ईदच्या वाटेला सहसा येत नाहीत. ईद चंद्रकोर दिसल्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे शुद्ध द्वितीया-तृतीयेच्या आसपास असते. एकादशी त्यानंतर आठवड्याने येते आणि संकष्टी तर वद्य पक्षातली. ‘आज एकादशी’ ही सबब ईदला कुणालाच सांगता येणार नाही! आणि वाराचा उपवास बहुतेक घरांत संध्याकाळी सुटतो, त्यामुळे वाटी नाकारायची वेळ येतच नाही. थोडी लांबणीवर पडते, इतकंच.

तशी ती आजींकडेही पडली. मार्चअखेरचं सोलापूर म्हणजे दुपारी अंगाची लाही. सुनेने डबा लगेच फ्रिजमध्ये टाकला हे बरं केलं, नाही तर संध्याकाळपर्यंत दूध आंबलं असतं. सातला आजींनी उपवास सोडला आणि डबा मागवला. आत पाहतात तर सकाळचा पातळ शीरखुर्मा गायब, शेवयांचा घट्ट गोळा बसलेला. ‘खराब झाला की काय!’ खराब नव्हता झाला. शेवया दूध पीत राहतात, त्यांचा स्वभावच तो. आंबट वास आला, कडेला पाणी सुटलं किंवा फुटक्या दुधासारखे कण दिसले, तर टाकावा. नुसता घट्ट झाला असेल तर गरम दूध घालून हलक्या हाताने ढवळायचं. पाणी घालू नये, चव पांचट होते. सुनेने कपभर दूध घातलं. आजींनी दोन वाट्या घेतल्या, पण त्या घेताना पाहायला भाभी नव्हत्या.

रिकामा डबा परत पाठवायचा नाही, हा आपल्याकडचा दंडक. मंगळवारी सकाळी सुनेने शेंगापोळ्या केल्या. देवाला नैवेद्य दाखवण्याआधीच चार पोळ्या डब्यात घातल्या, कारण नैवेद्याचं अन्न काही मुस्लिम घरांत चालतं, काहींत चालत नाही. समोर काय पद्धत आहे हे तिला ठाऊक नव्हतं, आणि विचारायचा धीर तिलाही झाला नव्हता. दारात भाभींनी डबा घेतला, उघडला, वास घेतला आणि झाकण परत लावलं.

‘गरम आहेत, एक खाऊन बघा की.’

‘खाते, खाते. मागनं खाते.’

सून हिरमुसून परतली. ‘आई, त्यांना आपलं चालत नाही वाटतं. न दाखवलेल्या दिल्या, तरी.’

आजी गप्प राहिल्या. मग चपला घालून स्वतःच समोर गेल्या आणि वयाच्या हक्काने विचारलं, ‘का गं, पोळी का नाही खाल्लीस?’

भाभी चपापल्या. ‘माझा रोजा आहे, आजी.’

‘रमजान तर संपला ना?’

रमजान संपला होता. ईदच्या दिवशी रोजा धरता येत नाही, पण दुसऱ्या दिवसापासून धरता येतो. रमजाननंतरच्या शव्वाल महिन्यात पुष्कळ जण सहा ऐच्छिक रोजे ठेवतात. पाळीच्या दिवसांत बायकांचे जे रोजे सुटतात, तेही पुढे भरून काढावे लागतात, आणि अनेक जणी लगेच सुरुवात करतात. भाभींना हे कुणाला सांगत बसायचं नव्हतं. सुनेला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी ‘मागनं’ म्हटलं होतं.

आजी मटकन खुर्चीत बसल्या. ‘अगं, काल माझा सोमवार होता!’

आतून अम्मींचं हसू आधी ऐकू आलं. मग चार वर्षांचा हिशेब निघाला. कुणाचा कोणता वार, कोणत्या ईदला कुणी झाकण लावलं. भाभींना सगळं पाठ होतं. आजींनी पातेल्याचं बोलणं काढलं, भाभींनी कान पकडले. नैवेद्याचं विचारल्यावर अम्मी म्हणाल्या, ‘देवासमोर ठेवलेलं आम्ही खात नाही, बाकी काहीही पाठवा. मला आधी विचारलं असतं तरी चाललं असतं.’

नातवाने तेवढ्यात भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं होतं. सोमवारच्या पुढे चार घरं, नाही तर पाच. पुढची ईद शुक्रवारी किंवा शनिवारी. शुक्रवारी घरात कुणाचाच उपवास नसतो. शनिवार निघाला तर बाबांची पंचाईत.

‘मग बाबांचा डबा सकाळी नाही आणत,’ भाभी म्हणाल्या. ‘त्यांच्या वाटणीच्या शेवया वेगळ्या भाजून ठेवते. रात्री दुधात टाकून आणीन, म्हणजे गोळा व्हायचा नाही.’